खाजगी शाळेतून मूल काढताना : दाखल्याचा अर्ज कसा लिहावा

प्रश्न : मुलगी पुण्यातल्या खाजगी विनाअनुदानित शाळेत चौथी पास झाली. आम्ही साताऱ्याला राहायला जातोय, तिथल्या अनुदानित हायस्कुलात पाचवीत घालायचंय. शाळेत दोनदा जाऊन सांगितलं, पण ऑफिसमधून उत्तर येतं की गेल्या वर्षीचे १४,५०० आणि पुढच्या सत्राचे २२,००० भरा, मग दाखला. मागचे पैसे मी देणार आहे, पण एकदम जमणार नाही. अर्ज नेमका काय लिहू?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द म्हणजे 'सांगितलं'. खाजगी शाळेच्या कार्यालयात मी २२ वर्षं काढली, शेवटची ११ वर्षं मुख्य लिपिक म्हणून. दाखल्याची फाईल माझ्याच टेबलावरून जायची. काउंटरवर येऊन तोंडी सांगून गेलेल्या पालकाची आमच्याकडे कुठलीच नोंद राहत नसे. पटावर मुलीचं नाव तसंच, जूनच्या यादीत ती पाचवीत चढवलेली, आणि अकाउंट्सवाल्यांच्या खात्यात तिच्या नावावर पुढच्या सत्राची फी आपोआप लागलेली. तुमच्याकडे मागताहेत ते २२,००० बहुतेक असेच आले आहेत. कोणी मुद्दाम लावले असतील असं नाही. मुलगी शाळा सोडतेय हे कागदावर अजून आलेलंच नाही.

म्हणून या अर्जाचं पहिलं काम दाखला मागणं हे नाही. मूल अमुक तारखेपासून या शाळेचं राहिलं नाही, ही तारीख शाळेच्या आवक रजिस्टरात बसवणं हे पहिलं काम. ती तारीख एकदा बसली की पुढच्या फीचा मुद्दा सैल होतो आणि दाखला अडवून धरायला कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट, अर्जात तक्रार लिहू नका. एका वडिलांनी आमच्याकडे चार पानी अर्ज दिला होता. बसचा त्रास, वर्गशिक्षिकेचं वागणं, गॅदरिंगचे पैसे, आणि शेवटच्या दोन ओळींत 'तरी दाखला द्यावा'. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, मला माहीत होत्या. पण तक्रार असलेला कागद मुख्याध्यापक स्वतःच्या सहीने निकाली काढत नाहीत, तो संस्थेकडे जातो. तो गेला, संस्थेची बैठक व्हायला तीन आठवडे लागले आणि तोवर मुलगा नव्या शाळेच्या बाकावर दाखल्याविना बसला. त्यांनी दोन कागद दिले असते, तर दाखल्याचा माझ्या हातून त्याच आठवड्यात गेला असता. तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण वेगळ्या कागदावर आणि दाखला हातात आल्यावर.

तुमच्या बाबतीत मी अर्ज असा लिहीन :

> दिनांक : ५ मे २०२६
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव व पत्ता)
>
> विषय : पाल्याचे नाव पटावरून कमी करून शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझी मुलगी कु. (शाळेच्या रजिस्टरात आहे तसे पूर्ण नाव), इयत्ता ४ थी, तुकडी …, जनरल रजिस्टर क्र. …, ही शैक्षणिक वर्ष २०२५-२६ अखेर आपल्या शाळेत शिकत होती. आम्ही कुटुंबासह सातारा येथे राहण्यास जात असल्याने दि. ५ मे २०२६ पासून तिला आपल्या शाळेतून काढून घेत आहोत. त्या तारखेपासून तिचे नाव पटावरून कमी करावे. शैक्षणिक वर्ष २०२६-२७ साठी तिचा प्रवेश पुढे चालू ठेवावयाचा नाही.
>
> तिला सातारा येथील (शाळेचे नाव) या अनुदानित शाळेत इयत्ता ५ वीत प्रवेश घ्यावयाचा आहे. तरी शाळा सोडल्याचा दाखला व इयत्ता ४ थीचे प्रगतिपुस्तक दि. १२ मे २०२६ पर्यंत द्यावे. तसेच यू-डायस व सरल पोर्टलवरील तिची नोंद नव्या शाळेकडे वर्ग करण्यासाठी आवश्यक कार्यवाही करावी. नव्या शाळेचा यू-डायस क्रमांक … हा आहे.
>
> शुल्काचा काही हिशेब शिल्लक असल्यास तो तपशिलासह स्वतंत्रपणे लेखी कळवावा.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (पालकाची सही, नाव, मुलीशी नाते, पत्ता, मोबाईल)

बस्स, एवढाच. एका पानाच्या आत. यातल्या काही ओळी साध्या दिसतात, पण त्या तिथे का आहेत ते सांगते.

जनरल रजिस्टर क्रमांक प्रगतिपुस्तकावर किंवा जुन्या फी पावतीवर सापडेल. तो लिहिला की लिपिकाला पान उघडायला मिनिट लागत नाही. नाही लिहिला, तर 'रेकॉर्ड शोधून सांगतो' हे उत्तर ठरलेलं. नाव रजिस्टरात आहे तसंच लिहा. आधार कार्डावर वेगळं असलं तरी इथे रजिस्टरातलंच चालतं.

'काढून घेत आहोत' असं स्पष्ट लिहिलंय, 'काढण्याचा विचार आहे' किंवा 'परवानगी मिळावी' असं नाही. परवानगी मागितली की ती द्यायची की नाही हे शाळा ठरवणार. मूल काढून घेणं हा पालकाचा निर्णय असतो, शाळेला तो फक्त कळवायचा.

पुढच्या वर्षाचा प्रवेश चालू ठेवायचा नाही, हे वाक्य त्या २२,००० साठी आहे. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की बरंचसं तुमच्या शाळेच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून आहे. काही शाळांच्या प्रवेश अर्जात, तुमच्या सहीच्या वर, 'शाळा सोडण्यापूर्वी एक महिना लेखी सूचना द्यावी, अन्यथा पुढील सत्राचे शुल्क भरावे लागेल' अशी अट छापलेली असते. तो अर्ज किंवा डायरीची शेवटची पानं आजच काढून वाचा. अशी अट असेल आणि नवं सत्र जूनच्या मध्यावर सुरू होत असेल, तर ५ मे ला दिलेला अर्ज महिनाभर आधीचा ठरतो, मग मागणीला आधार राहत नाही. तोच अर्ज १० जूनला दिला तर वाद सुरू होतो. म्हणून माझं म्हणणं आहे की सातारची शाळा पक्की झाल्याक्षणी अर्ज द्या, सामान बांधायची वाट बघू नका. अट कुठेच लिहिलेली नसेल, तर ज्या वर्षात मूल एक दिवसही बसलेलं नाही त्या वर्षाची फी कशाच्या आधारे मागता, असं लेखी विचारा. मी टेबलावर असताना या प्रश्नाला आमच्याकडे लेखी उत्तर नसायचं.

'सातारची शाळा पक्की झाल्याक्षणी' असं म्हटलं त्यालाही अर्थ आहे. दाखला निघाला की जुन्या शाळेतली जागा गेली. परत यायचं ठरलं तर नव्याने प्रवेश, नव्याने प्रवेश फी. तुमची मुलगी २५ टक्क्यांच्या आरटीई जागेवर मोफत शिकत असती, तर मी तुम्हाला दोनदा विचार करायला सांगितलं असतं.

आता अर्ज देण्याची पद्धत. दोन प्रती न्या. एक काउंटरवर द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शाळेचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देते' असं म्हणून शिक्का न देता कागद ठेवून घ्यायची सवय अनेक कार्यालयांत असते. तसं झालं तर भांडू नका. त्याच दिवशी शाळेच्या अधिकृत ई-मेलवर अर्जाचा फोटो पाठवा आणि पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. पूर्वी यासाठी रजिस्टर एडी करायचे, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, पण पोचपावतीची सोय आहे. पावती जपून ठेवा, तुमची तारीख तिच्यावर आहे.

जाताना लायब्ररीची पुस्तकं, ओळखपत्र, बसचा पास सोबत घेऊन जा आणि परत केल्याची नोंद करून घ्या. हसू येईल, पण 'ना-देय' चिठ्ठीवर ग्रंथपालाची सही नाही म्हणून आठवडाभर पडून राहिलेले दाखले मी पाहिलेत. आणि मे महिन्यात ग्रंथपाल सुट्टीवर असतात.

१४,५०० चं काय? तुम्ही देणार आहात हे चांगलंच आहे आणि ते द्यायलाच हवेत, मुलगी वर्षभर तिथे शिकली आहे. पण पैशाचा व्यवहार आणि दाखला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, म्हणून अर्जात मी फक्त एक ओळ ठेवली. त्यासाठी वेगळं पत्र द्या. आधी प्रवेशाच्या वेळची पावती शोधा. बऱ्याच शाळा 'अनामत रक्कम' घेतात, ती शाळा सोडताना परत मिळायची असते आणि पालक विसरून जातात. समजा तुम्ही ५,००० अनामत भरली होती. मग पत्रात लिहा की थकबाकी १४,५००, त्यातून अनामत ५,००० वळती करावी, उरलेल्या ९,५०० पैकी ३,५०० आज भरत आहे आणि ६,००० अमुक दोन तारखांना तीन-तीन हजारांनी भरेन. पैसे रोख देऊ नका. खात्यात भरा आणि पावतीवर 'शैक्षणिक वर्ष २०२५-२६ थकबाकी' असं लिहून घ्या. नुसतं 'फी' लिहिलेली पावती पुढच्या सत्राच्या खात्यात जमा झालेली मी पाहिली आहे, आणि मग थकबाकी आहे तशीच दिसते.

दोन कागदांवर मात्र सही करू नका. एक, 'संपूर्ण फी भरल्यावरच दाखला घेईन' असं हमीपत्र. दुसरं, पुढच्या तारखेचा चेक, खात्यात तेव्हा पैसे असतील याची खात्री नसेल तर. चेक वटला नाही तर साधी थकबाकी फौजदारी खटल्यापर्यंत जाऊ शकते.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घ्या, कारण अर्धवट ऐकून पालक काउंटरवर आवाज चढवतात आणि तिथेच अडकतात. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम ५. मुलाला एका शाळेतून दुसरीत जायचं असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. उशीर केला तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. 'तात्काळ' म्हणजे किती दिवस हे कलमात लिहिलेलं नाही. अर्जातली सात दिवसांची मुदत मी माझ्या अनुभवाने घातली, तेवढ्यात कुठलंही कार्यालय दाखला लिहून देऊ शकतं.

या कलमाला मर्यादा आहेत. ते ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. आणि बदलीचा हक्क सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्यापुरता आहे. तुमची मुलगी दहा वर्षांची, जाणार अनुदानित शाळेत, म्हणजे तुम्ही बरोबर त्या चौकटीत बसता. हाच प्रश्न एका खाजगी विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या तशाच शाळेत जाणाऱ्या पालकाने विचारला असता तर मी कलम ५ वर एवढा भार टाकला नसता. दुसरं म्हणजे या कलमाने फी माफ होत नाही. शाळा थकबाकी वसूल करू शकते, त्यासाठी तिला नोटीस, दिवाणी दावा असे मार्ग आहेत. मुलीचा दाखला तारण म्हणून ठेवणं हा त्यातला मार्ग नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हेच म्हटलं की दाखला हे फी वसुलीचं साधन नाही, आणि फी थकल्याचा शेराही त्यावर मारू नये. तो आदेश तमिळनाडूसाठी असला तरी शिक्षणाधिकाऱ्यांसमोर त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. पहिल्या अर्जात मात्र कलमं घालू नका. पहिल्याच कागदात कलम दिसलं की मुख्याध्यापक संस्थेच्या वकिलाला फोन लावतात, आणि जे काम लिपिकाच्या पातळीवर होणार होतं ते वर जातं. कलम ५ दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा.

आता सातारच्या बाजूने काय करायचं. अर्जाची शिक्का मारलेली प्रत, प्रगतिपुस्तक, जन्मदाखला आणि आधार घेऊन तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा. दाखला येईपर्यंत मुलीला बसवून घ्यावं असं लेखी सांगा आणि तुमच्या जुन्या शाळेला 'दाखला मागणी पत्र' पाठवायला सांगा. हे फार उपयोगी पडतं. पालकाचा अर्ज पडून राहतो, पण एका मुख्याध्यापकाचं दुसऱ्या मुख्याध्यापकाला जावक क्रमांकासह आलेलं पत्र पडून राहत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं.

पोर्टलचं कामही याच वेळी उरका. आज नुसता कागदी दाखला पुरत नाही. यू-डायस प्लस या सरकारच्या शाळा-नोंदणी पोर्टलवर प्रत्येक मुलाला अकरा अंकी कायम क्रमांक असतो, त्याला पेन म्हणतात. जुन्या शाळेने मुलीला 'शाळा सोडली' असं दाखवलं की तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये जातं आणि नवी शाळा पेन व जन्मतारीख टाकून तिला आपल्याकडे ओढून घेते. जुन्या शाळेने ते केलंच नाही, तर मुलगी साताऱ्यात बसलेली आणि कागदोपत्री पुण्यात, असं होतं. मग शाळेची शिक्षकसंख्या ठरवणारी संचमान्यता, मुलीची शिष्यवृत्ती, सगळीकडे अडतं. म्हणून अर्जात पोर्टलची ओळ घातली. पेन माहीत नसेल तर वर्गशिक्षिकेकडून आत्ताच लिहून घ्या, सुट्टीत त्या भेटणार नाहीत.

१२ मे उलटली आणि दाखला आला नाही, तर पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख देऊन स्मरणपत्र द्या, त्यात कलम ५ लिहा आणि दाखला न देण्याचं कारण लेखी मागा. आणखी चार-पाच दिवसांनी तक्रार द्या. पुणे महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात असाल तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि दोन्ही बाबतीत प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. सोबत शिक्क्याची प्रत, स्मरणपत्र, भरलेल्या पैशांची पावती, हप्त्यांचं पत्र जोडा. हप्त्यांचं पत्र जोडलेलं असलं की 'पालक पैसे बुडवून पळताहेत' हे शाळेचं म्हणणं टिकत नाही. कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा आहे. तीन महिने म्हणजे ऑगस्ट उजाडेल, म्हणूनच मुलीचं साताऱ्यातलं बसणं आधी पक्कं करा. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं एवढी लांबत नाहीत. शिक्षण विभागातल्या विस्तार अधिकाऱ्यांचा एक फोन आला की आमच्याकडे दाखला त्याच दुपारी लिहिला जायचा.

हेच सगळं नववी-दहावीला लागू पडेल असं धरू नका. तिथे बोर्डाची नोंदणी मध्ये येते आणि वयही चौदाच्या पुढे जातं. आणि परराज्यात जाणाऱ्यांनी दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का हे नव्या शाळेला आधी विचारावं, नाहीतर त्या एका सहीसाठी परत यावं लागतं.

शेवटचं, दाखला हातात घेतल्यावर काउंटर सोडू नका. तिथेच उभं राहून वाचा. मुलीचं, वडिलांचं, आईचं नाव. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात एकच आहे का. जन्मस्थळ. जात-पोटजातीच्या रकान्यात रजिस्टराप्रमाणेच नोंद आहे का, कारण पुढे जातपडताळणीला हाच कागद काढतात. शाळा सोडल्याची तारीख तुमच्या अर्जातली आहे की जूनमधली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' किंवा 'पालकांच्या विनंतीवरून' यापेक्षा वेगळं काही लिहिलंय का, आणि 'शेरा' कोरा आहे का. एका मुलाच्या दाखल्यावर आमच्याच एका नव्या लिपिकाने तारीख अंकात १२ आणि अक्षरात 'एकवीस' लिहिली होती. आईने तिथेच वाचून दाखवलं, मी तो दाखला रद्द करून दहा मिनिटांत दुसरा लिहिला. तीच चूक दहावीच्या अर्जाच्या वेळी सापडली असती तर त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात खेटे घालावे लागले असते. चूक दिसली तर स्वतः पेनने काही करू नका, खाडाखोड केलेला दाखला नवी शाळा स्वीकारत नाही. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजूंच्या दोन झेरॉक्स आणि मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा.

नियमपुस्तिकेत सूचनेची अट सापडली तर ती शब्दशः इथे टाका, २२,००० बद्दल त्यावरून नक्की काय ते सांगता येईल.